ठरावातला ‘ऐवजी’ हा शब्द धर

*ताई, आमच्या कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत ‘परीक्षांऐवजी प्रकल्पांवर मूल्यमापन व्हावे’ असा ठराव आहे. चिठ्ठी उचलली तेव्हा मला विरोधी बाजू आली. पाच मिनिटं भाषण आणि शेवटी एक मिनिट खंडन. मी एक कच्चं भाषण लिहिलंय. परीक्षेने शिस्त लागते, स्पर्धेची सवय होते, आयुष्य हीच एक परीक्षा आहे, प्रकल्प तर इंटरनेटवरून उतरवले जातात, असे मुद्दे त्यात आहेत. मैत्रिणीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, ‘हे आजोबांच्या पिढीचं भाषण वाटतंय.’ शिवाय मला स्वतःला प्रकल्प मनापासून आवडतात. मग त्यांच्याविरुद्ध बोलताना खोटं बोलल्यासारखं होणार नाही का? भाषण उभं तरी कसं करू?*
*– द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी*

मैत्रिणीने नेमक्या जागी बोट ठेवलंय. तू परीक्षेचे गोडवे गायला निघालीस आणि तिथेच भाषण फसलं. ठराव पुन्हा एकदा सावकाश वाच. प्रकल्प चांगले की वाईट, हे तो विचारत नाही. परीक्षा आवडते का, हेही विचारत नाही. त्यातला कळीचा शब्द आहे ‘ऐवजी’. परीक्षा उचलून बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी प्रकल्प बसवायचा, असं ठराव म्हणतो. त्यामुळे ठराव मांडणाऱ्यांवर दोन गोष्टी सिद्ध करायची जबाबदारी येते. एक, प्रकल्प उपयोगाचे आहेत. दोन, परीक्षा जे काम करते ते सगळं प्रकल्पही करू शकतात. पहिल्या गोष्टीवर ते चार-साडेचार मिनिटं रंगून बोलतील. दुसरीकडे बहुतेक वेळा कुणी फिरकतच नाही. तुझं भाषण त्या दुसऱ्या गोष्टीवर उभं कर.

खोटं बोलण्याचा प्रश्नही इथेच सुटतो. प्रकल्प आवडणाऱ्या माणसालाही परीक्षा हवीशी वाटू शकते, त्यात कसलीच विसंगती नाही. उलट तुझी आवड लपवू नकोस, तिनेच सुरुवात कर. समोरच्यांना वाटत असेल की विरोधी वक्ता प्रकल्पांना नावं ठेवणार, आणि त्याची उत्तरं ते तयार ठेवून बसलेले असतील. ती उत्तरं पहिल्याच मिनिटात निकामी होतात. साधारण असं:

‘अध्यक्ष महोदय, मला प्रकल्प आवडतात. माझ्या आधीच्या वक्त्यांनी प्रकल्पांबद्दल जे चांगलं सांगितलं, त्यातलं बरंचसं मला मान्य आहे. पण प्रकल्प हवेत का, असं आजचा ठराव विचारत नाही. तो म्हणतो, परीक्षा नको. म्हणून माझा एकच प्रश्न आहे. तुला एकटीला, समोर पुस्तक नसताना, सोबत गट नसताना, काय येतं? परीक्षा गेल्यावर हे मला कोण विचारणार?’

हा प्रश्न भाषणाचा कणा समज. पुढचे सगळे मुद्दे त्यालाच जोडलेले हवेत. तुझ्या कच्च्या भाषणात सहा-सात मुद्दे आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन वाक्यं येतात. पाच मिनिटांत शांतपणे बोललेले शब्द पाचशे-साडेपाचशेच्या पुढे जात नाहीत. त्यात तीन मुद्दे नीट मावतात. चौथा आला की सगळेच घाईत जातात. शिस्त, स्पर्धेची सवय आणि आयुष्याची परीक्षा हे तिन्ही काढून टाक. शिस्त प्रकल्पानेही लागते, मग तो मुद्दा तुझ्या बाजूचा उरतच नाही.

पहिला मुद्दा गटकामाचा घे. मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे. त्यातला एक प्रसंग सांगते, कारण हा मुद्दा मला पुस्तकातून नाही, त्या प्रसंगातून कळला. चार जणांच्या एका गटाने साठ विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की तुम्हाला कॉलेजला यायला रोज किती मिनिटं लागतात. प्रकल्प खरंच सुरेख झाला होता. आलेख स्वच्छ, निष्कर्ष नेमका. त्यात एक वाक्य होतं: ‘काही विद्यार्थी फार लांबून येत असल्याने येथे सरासरीपेक्षा मध्यक अधिक योग्य आहे.’ मी चौघांनाही वीसपैकी अठरा गुण दिले.

पुढच्या आठवड्यात वर्गात दहा मिनिटांची एक छोटी चाचणी घेतली. पाच जणांच्या प्रवासाचे वेळ दिले होते: १०, १५, २०, २५ आणि १८० मिनिटं. सरासरी काढा, मध्यक काढा, आणि या पाच जणांचा नेहमीचा प्रवास कोणता आकडा जास्त खरेपणाने सांगतो ते कारणासह लिहा. बेरीज २५०, म्हणून सरासरी ५० मिनिटं. मधला आकडा २०, म्हणून मध्यक २० मिनिटं. पाचपैकी चौघं पंचवीस मिनिटांच्या आत पोचतात, त्यामुळे ५० हा आकडा कुणाचाच प्रवास सांगत नाही. एका १८०ने सरासरी वर ओढली आहे, मध्यकाला मात्र त्याने धक्का लावलेला नाही.

त्या गटातल्या एकीने हे सगळं बिनचूक लिहिलं. आकडेमोड तिनेच केली होती. प्रश्नावली तयार करणाऱ्याला सरासरी आली, मध्यक आला नाही. माहिती गोळा करणारीला दोन्ही आले, पण कारण सांगता आलं नाही. आणि ज्याने अहवाल टंकला होता, म्हणजे मध्यक योग्य आहे हे वाक्य ज्याच्या हातून कागदावर उतरलं होतं, त्याने उत्तरात ‘सरासरी’ लिहिलं. कुणी आळशी नव्हतं, कुणी फसवणूक केली नव्हती. चौघांनी कामाची वाटणी केली आणि कामाबरोबर शिकण्याचीही वाटणी झाली. ती दहा मिनिटांची चाचणी नसती, तर हे मला कधीच कळलं नसतं आणि त्या तिघांनाही कळलं नसतं.

भाषणात माझा प्रसंग वापरू नकोस, तुझा स्वतःचा शोध. तू केलेला एखादा गटप्रकल्प आठव आणि स्वतःला विचार, की त्यातला कोणता भाग आज तुला समजावून सांगता येणार नाही. असा एक भाग नक्की सापडेल. तो प्रामाणिकपणे सांगितलास तर सभागृहातल्या निम्म्या श्रोत्यांना आपापला भाग आठवेल. यात ‘प्रकल्प उतरवले जातात’ हे वाक्यही आणू नकोस. परीक्षेतही कॉपी होते, आणि समोरचा वक्ता हे दुसऱ्याच क्षणी म्हणेल. सगळ्यांनी प्रामाणिकपणे काम केलं तरी प्रकल्पाला ‘कुणाला काय येतं’ याचं उत्तर देता येत नाही, हा मुद्दा त्याहून कितीतरी भक्कम आहे.

दुसरा मुद्दा असा, की परीक्षा शिकणं नुसतं मोजत नाही, ती शिकवतेही. इथे तुझ्याकडे एक पक्का पुरावा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना वाचायला एक छोटा उतारा दिला. एका गटाने चारही सत्रं तोच उतारा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के मजकूर आठवत होता, लिहून काढणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र पालटलं. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहून काढणाऱ्यांकडे ६१. आणि आठवड्यानंतर आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री वाचणाऱ्या गटालाच अधिक वाटत होती.

हे चार आकडे भाषणात सांगताना घाई करू नकोस. ‘पाच मिनिटांनी’ म्हटल्यावर थांब, आकडे सांग. ‘एका आठवड्याने’ म्हटल्यावर पुन्हा थांब. श्रोत्यांना तो उलटफेर दिसायला हवा. त्यानंतर तो आपल्या कण्याला जोड: समोरचं पुस्तक मिटून स्वतःला विचारणं, हीच ती कृती आहे जिने गोष्ट मनात टिकते. प्रकल्प करताना पुस्तक, नोंदी, संगणक सगळं उघडं असतं. त्यात शोधणं होतं, मांडणं होतं, आणि ती कौशल्यं मोलाची आहेत. पण मिटलेल्या पुस्तकासमोर बसण्याची वेळ प्रकल्प आपणहून आणत नाही.

या पुराव्याची मर्यादाही तुला माहीत असायला हवी, नाहीतर खंडनात अडकशील. हा प्रयोग छोट्या, विनाताणाच्या आठवण-चाचण्यांचा आहे. वर्षाअखेरच्या एका मोठ्या परीक्षेबद्दल तो थेट काही सांगत नाही. प्रतिपक्षातला कुणी अभ्यासू असेल तर तो हे म्हणेल. तेव्हा मागे हटू नकोस, लगेच मान्य कर आणि पुढे जा: ‘बरोबर आहे. म्हणून मी छोट्या परीक्षा वाढवा म्हणते. ठराव तर त्याही काढून टाकतो.’

तिसरा मुद्दा विश्वासाचा. आणि हा मला सर्वांत आवडतो, कारण तो परीक्षेला गरिबाच्या, अनोळखी मुलाच्या बाजूला उभा करतो. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. तपासणाऱ्याला माहीत नसतं, की हा कुणाचा मुलगा, ही वर्गात नीट बोलते की नाही, गेल्या वर्षी हिला किती गुण होते. ही युक्ती जुनी आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेत उमेदवाराचं नाव कागद चिकटवून झाकत. तेवढ्याने भागेना, कारण तपासनीस अक्षर ओळखत. मग कारकून बसवून प्रत्येक उत्तरपत्रिकेची नक्कल करून घेऊ लागले, आणि तपासायला ती नक्कल जाई. प्रकल्पाला असं झाकता येत नाही. ज्या शिक्षकाने चार महिने मार्गदर्शन केलं, त्याला तो प्रकल्प कुणाचा हे माहीत असतंच. शिवाय घरी कुणी जाणकार आहे का, स्वतःची शांत जागा आहे का, चांगला संगणक आहे का, हे प्रकल्पाच्या पानापानात उतरतं आणि गुण देताना ते विद्यार्थ्याचंच कर्तृत्व म्हणून मोजलं जातं. परीक्षेच्या तयारीतही घरच्या परिस्थितीचा फरक पडतो, हे नाकारू नकोस. पण निदान त्या तीन तासांत प्रत्येकाजवळ तीच प्रश्नपत्रिका, तेवढाच वेळ आणि एक पेन एवढंच असतं.

चीनचं उदाहरण वापरशील तर एक सावधगिरी. हीच परीक्षापद्धती पुढे साचेबद्ध निबंध पाठ करण्याचं यंत्र झाली आणि १९०५ साली ती बंद करण्यात आली. समोरचा वक्ता हे सांगू शकतो. म्हणून ‘चीनची परीक्षा आदर्श होती’ असं चुकूनही म्हणू नकोस. नाव झाकण्याची युक्ती तेवढी घे आणि पुढे चल.

याच मुद्द्याखाली तुझं सर्वांत वजनदार उदाहरण येतं, ते इंग्लंडचं. तिथल्या शालान्त पातळीवरच्या जीसीएसई या परीक्षा १९८८ साली पहिल्यांदा झाल्या, तेव्हा त्यांत ‘कोर्सवर्क’ला, म्हणजे वर्षभरात केलेल्या प्रकल्पवजा कामाला, मोठा वाटा होता. हेतू चांगलाच होता. हळूहळू प्रश्न उभे राहिले: घरून किती मदत झाली, शिक्षकाने किती वेळा सुधारून दिलं, हे काम नक्की कुणाचं? गणितातून कोर्सवर्क काढून टाकलं गेलं. २००९पासून बऱ्याच विषयांत त्याच्या जागी ‘नियंत्रित मूल्यमापन’ आलं, म्हणजे तेच काम, पण वर्गात, देखरेखीखाली, ठरलेल्या वेळात. आणि २०१५पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या अभ्यासक्रमांत बहुतेक विषय मुख्यतः लेखी परीक्षेवर आले. चित्रकलेसारख्या विषयांत प्रत्यक्ष काम राहिलं, कारण तिथे ते काम हेच कौशल्य आहे. हा अपवाद तू स्वतःच सांग, दुसऱ्याने सांगण्याची वाट बघू नकोस.

यातून निघणारं वाक्य तुझ्या भाषणाचा कळस ठरू शकतं. मी ते असं बोलेन:

‘प्रकल्पावर विश्वास ठेवायचा म्हटला की आधी देखरेख लागते. मग वेळेची मर्यादा लागते. मग घरी न्यायची बंदी लागते. मग शेवटी समोर बसवून प्रश्न विचारावे लागतात. अध्यक्ष महोदय, या सगळ्याला आपल्या भाषेत आधीपासून एक शब्द आहे: परीक्षा. ठराव मांडणारे तिला दारातून बाहेर काढतील आणि वर्षभरात खिडकीतून आत घेतील.’

आता वेळ. सुरुवातीला चाळीस सेकंद, गटकामाला दीड मिनिट, प्रयोगाला एक मिनिट, विश्वासाच्या मुद्द्याला दीड मिनिट. उरलेल्या वीस सेकंदांत नवीन काही आणू नकोस, सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचार आणि थांब. आकडे आणि साल सोडून काहीही पाठ करू नकोस. पाठ केलेलं भाषण एका शब्दावर अडखळलं की पुढचं सगळं सांडतं, आणि परीक्षेच्या बाजूने बोलणारी मुलगी घोकलेलं म्हणताना दिसली तर मुद्दाच उलटेल. घड्याळ लावून तीनदा मोठ्याने बोल. तिसऱ्या वेळीही पाच मिनिटांपुढे जात असशील, तर चीन काढून टाक, इंग्लंड ठेव.

राहिलं खंडनाचं मिनिट. तुझ्याविरुद्ध तीन गोष्टी येतील: परीक्षा म्हणजे घोकंपट्टी, एका वाईट दिवसाने वर्ष जातं, आणि परीक्षेचा ताण. तिन्हींना वेगवेगळं उत्तर देत बसलीस तर मिनिट पुरणार नाही. ज्यावर प्रतिपक्षाने सर्वांत जास्त भर दिला असेल तो एकच निवड. बहुधा ती घोकंपट्टी असेल, म्हणून तिची तयारी करून ठेव. ‘मध्यकाची व्याख्या लिहा’ हा घोकंपट्टीचा प्रश्न आहे. ‘या पाच आकड्यांसाठी सरासरी की मध्यक, आणि का?’ हा समजेचा प्रश्न आहे. दोन्ही परीक्षेतच विचारता येतात. पहिला प्रश्न वाईट असेल तर प्रश्न बदला, परीक्षा बदलायचं कारण नाही. हे उदाहरण प्रत्यक्ष आकडे घेऊन सांग, नुसतं ‘प्रश्नपत्रिका सुधाराव्यात’ असं म्हणू नकोस, ते हवेत विरून जातं.

ताणाचा मुद्दा आला तर तो हसण्यावारी नेऊ नकोस. सभागृहात असं कुणीतरी बसलेलं असेलच, ज्याने परीक्षेपायी खरंच भोगलंय. एवढंच म्हण: ‘ताण खरा आहे. तो एकाच दिवशी सगळे गुण टांगल्यामुळे आहे. त्यावर उपाय म्हणून गुण अनेक छोट्या परीक्षांत वाटा, आणि सोबत प्रकल्पही ठेवा. माझा विरोध फक्त ऐवजी या शब्दाला आहे.’ आणि मिनिट संपायच्या आधी बसून घे.